गजर वाजला की मागे फिरा: ऑफिसच्या दहा किलोमीटरची दहा रविवारांची तयारी

मंडळी, नमस्कार.

नावनोंदणी झाली, तारीख ठरली आणि देणगीची लिंकही आली. आजपासून मोजलं तर हातात दहा रविवार आहेत आणि दहावा रविवार दौडीचाच आहे. मेल लांबलचक आहे. एका बैठकीत वाचून झाला नाही तर घरी जाताना लोकलमध्ये वाचा, पण पहिल्या रविवारच्या आधी पूर्ण वाचून या.

तुमची यादी चाळली. एक जण वर्षभर शिवाजी पार्कला फेऱ्या मारतो. तिघीचौघी शाळेच्या खेळांनंतर धावलेल्याच नाहीत. काहींचं धावणं म्हणजे सुटलेली ८:१२ पकडणं. या सगळ्यांना एकत्र तयार करायचं आहे आणि ऑफिसच्या गटात खरी अडचण इथेच येते. सगळे एकदम निघतात, दहा मिनिटांत पुढचे दिसेनासे होतात आणि मागचे दोघे-तिघे ओशाळून चालायला लागतात. परत येईपर्यंत पुढच्यांचा चहाही पिऊन झालेला असतो. तिसऱ्या रविवारपासून मागच्यांची ‘घरी पाहुणे आलेत’ सुरू होतात.

म्हणून दौडीचा दिवस सोडून आपण किलोमीटर मोजणार नाही. मिनिटं मोजणार आहोत.

रविवारची पद्धत

आपण एनसीपीएच्या टोकाला जमणार आणि मरीन ड्राइव्हच्या कट्ट्याकडेने गिरगाव चौपाटीच्या दिशेने निघणार. पाच मिनिटं सगळे एकत्र झपझप चालतील. मग ज्याने त्याने आपापल्या वेगाने धावायला सुरुवात करायची. निघताना प्रत्येकाने फोनवर किंवा घड्याळावर ठरलेल्या मिनिटांचा गजर लावायचा. पहिल्या रविवारी तो १८ मिनिटांचा असेल. गजर वाजला की जिथे असाल तिथून मागे फिरायचं, आणखी दहा पावलंही पुढे जायचं नाही. शिट्टी मी आणणार नाही. दोन किलोमीटर लांब आणि बाजूला गाड्यांचा आवाज असताना ती कुणाला ऐकू जाणार?

आता हिशेब बघा. किलोमीटरला ६ मिनिटं घेणारा १८ मिनिटांत ३ किलोमीटर जातो. ९ मिनिटं घेणारी २ किलोमीटर जाते. दोघे एकाच क्षणी वळतात आणि आपापला वेग सांभाळला तर ३६व्या मिनिटाला दोघेही एनसीपीएला असतात. म्हणजे कुणी कुणासाठी थांबत नाही आणि चहा सगळ्यांना गरम मिळतो. वळल्यावर वेगवान मंडळी मागून येत येत एनसीपीएजवळ हळू धावणाऱ्यांना गाठतात. त्या वेळी दोन शब्द बोला. रविवारची गाठभेट खरी तिथे होते.

दुसरा फायदा जास्त मोलाचा आहे. परतीची वेळ तुमची परीक्षा घेते. जायला १८ आणि यायलाही १८ मिनिटं लागली, किंवा परत मिनिटभर लवकर आलात, तर वेग बरोबर होता. यायला २१-२२ मिनिटं लागली तर सुरुवात वाजवीपेक्षा जोरात झाली. मला काही सांगावं लागत नाही, तुमच्याच घड्याळात ते दिसतं.

गेल्या वर्षी अशाच एका ऑफिसच्या गटात अकाउंट्समधल्या एक बाई होत्या. नाव सांगू नका म्हणाल्यात. पहिल्या रविवारी उत्साहाच्या भरात तरुण मुलांच्या मागे लागून त्या १८ मिनिटांत २.४ किलोमीटर गेल्या, म्हणजे किलोमीटरला साडेसात मिनिटं. परत यायला २५ मिनिटं लागली आणि शेवटचा पल्ला कंबरेवर हात ठेवून झाला. एकूण ४.८ किलोमीटर, ४३ मिनिटं. बुधवारपर्यंत ऑफिसचा जिना उतरताना त्या कठडा धरत होत्या. साहजिकच मंगळवारची धाव बुडाली.

दुसऱ्या रविवारी मी त्यांना मिनिटभर धावा, मिनिटभर चाला असं पहिल्या मिनिटापासून करायला लावलं. २० मिनिटांत त्या २.२ किलोमीटर गेल्या आणि साडेएकोणीस मिनिटांत परत आल्या. एकूण ४.४ किलोमीटर, साडेएकोणचाळीस मिनिटं. आता सरासरी काढा. पहिल्या रविवारी किलोमीटरला ८ मिनिटं ५७ सेकंद, दुसऱ्या रविवारी ८ मिनिटं ५९ सेकंद. वेगात फरक दोन सेकंदांचा, पण या वेळी मंगळवारी त्या हसत धावायला गेल्या. या बाईंचा पुढचा हिशेब दौडीच्या दिवसाबद्दल लिहिताना देतो.

आता दहा रविवारांचे आकडे. हे जाण्याची मिनिटं आहेत, तेवढीच येण्याची धरा. सुरुवातीची पाच मिनिटं चालणं गजराच्या आतच आलं.

पहिला रविवार १८, दुसरा २०, तिसरा २३.
चौथा पुन्हा १८.
पाचवा २६, सहावा ३०, सातवा ३४, आठवा ३८.
नववा २०.
दहावा दौड.

चौथा रविवार मुद्दाम कमी ठेवला आहे. त्या दिवशी ‘आज अंगात जोर आहे, थोडं जास्त जाऊ का’ असं विचारणारे दोघे तरी निघतात. नाही, जायचं नाही. आठव्या रविवारी जाऊन-येऊन ७६ मिनिटं होतील. बऱ्याच जणांचे त्यात साडेसात ते साडेनऊ किलोमीटर होतात. दौडीच्या आधी पूर्ण दहा करून बघायची गरज नाही, उरलेलं अंतर गर्दी आणि ढोलताशे ओढून नेतात.

किती हळू म्हणजे हळू

छातीला लावायचा पट्टा किंवा महागडं घड्याळ घेऊ नका. शेजाऱ्याला काल घरी कसे पोचलात ते विचारा. त्याने ‘अरे, घाटकोपरला गाडी वीस मिनिटं थांबली, मग मी मेट्रो पकडली’ असं एका दमात सांगितलं तर वेग बरोबर आहे. ‘हो… थांबली… मेट्रो…’ असे तुकडे पडले तर तुम्ही दोघेही जोरात धावताय. एकटे असाल तर स्वतःशीच पाढा म्हणा. बेरात्रीच्या कुत्र्यांखेरीज कुणी ऐकत नाही.

या वेगाने धावताना आपण अगदीच संथ चाललोय असं वाटतं. शेजारून एखादे आजोबा चालत पुढे निघून गेले तरी चालेल. आपल्याला ९० मिनिटांच्या आसपास न थांबता हलत राहायचं आहे. ते जमवायला हृदय, फुप्फुसं आणि पायांचे स्नायू याच हळू मिनिटांत शिकतात. रोज दमछाक करून घेतली तर शिकण्याऐवजी थकवा साठत जातो.

नव्या मंडळींनी धावणं-चालणं असं करा: पहिले तीन आठवडे १ मिनिट धावा, १ मिनिट चाला. चौथ्यापासून सहाव्यापर्यंत २ मिनिटं धावा, १ चाला. सातव्यापासून ३ किंवा ४ मिनिटं धावा, १ चाला. चालायचं ते दमलो म्हणून नव्हे, घड्याळ सांगतं म्हणून, आणि पहिल्याच फेरीपासून. वीस मिनिटं रेटून धावायचं आणि मग चालायचं, यात चालण्याचा काहीच उपयोग होत नाही, तोवर पाय संपलेले असतात. दौडीच्या दिवशीही हेच ठेवायचं आहे. चालण्याला बंदी नाही, आणि या पद्धतीने गेलेले लोक आठव्या किलोमीटरला सरळ धावत सुटलेल्यांना ओलांडताना मी दर वर्षी बघतो.

ज्यांना न थांबता धावायची सवय आहे त्यांनी धावावं. बोलण्याची कसोटी मात्र त्यांनाही लागू आहे.

मंगळवार आणि गुरुवार

हे दोन दिवस आपापल्या घराजवळ करायचे, प्रत्येकी ३० मिनिटं. दादरकरांना शिवाजी पार्क आहे, ठाणेकरांना तलावपाळी, बोरिवलीकरांना नॅशनल पार्क. ज्यांच्या आसपास काहीच नाही त्यांनी सोसायटीत फेऱ्या मारा. छोट्या फेऱ्या मारताना दर दहा मिनिटांनी दिशा बदला, नाहीतर वळणाच्या आतल्या बाजूचा गुडघा कुरकुरतो. कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्यांनी पहाटे चारला उठून धावायचा पराक्रम करू नये. संध्याकाळी घरी जाऊन, हलकं काही खाऊन तासाभराने धावा. झोप कापून केलेली धाव महागात पडते.

पाचव्या आठवड्यापासून गुरुवारच्या ३० मिनिटांत दहा मिनिटं सोपं धावून झाल्यावर चार वेळा २-२ मिनिटं जरा जोरात धावा, मध्ये २-२ मिनिटं चाला. जोरात म्हणजे तीन-चार शब्द बोलता येतील इतपत. धाप लागून वाकावं लागलं तर ते फार झालं.

दोन्ही दिवशी धावून झाल्यावर जिन्याच्या पायरीवर उभे राहा, टाचा हवेत ठेवा आणि पंजावर सावकाश वर-खाली व्हा. १२ वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा १२ वेळा. मग खुर्चीवर हात न टेकता बसा-उठा, तेही १२-१२. एवढंच पुरे. उरलेल्या दिवशी काही करू नका. स्टेशन ते ऑफिस शेअर रिक्षा सोडून चाललात तर छान, पण त्याला व्यायाम म्हणून वहीत लिहू नका.

मुंबईची हवा

नोव्हेंबरात आपण पहाटे धावणार, तेव्हा ऊन नसेल. तरी घामाने डबडबाल. कारण पहाटे तापमान उतरतं, पण हवेचा दमटपणा त्याच वेळी सर्वात जास्त असतो. घाम नुसता आल्याने अंग थंड होत नाही, तो वाळावा लागतो, आणि दमट हवेत तो वाळत नाही, निथळतो. मग शरीर आतली उष्णता बाहेर टाकायला जास्त रक्त त्वचेकडे पाठवतं, पायांना रक्त कमी पडतं आणि हृदय त्याच वेगासाठी जास्त धडधडतं. पुण्याला भावाकडे गेलात आणि सहज वेगात धावलात तर ‘मी इतका सुधारलो?’ असं वाटेल. त्यात तुमच्याइतकाच कोरड्या हवेचाही वाटा असतो.

यावर उपाय दोन. पहिला, वेगाचा आकडा विसरून बोलण्याची कसोटी धरायची. नोव्हेंबरात साडेनऊ मिनिटांना जेवढा दम लागतो तेवढाच जानेवारीच्या गार पहाटे नऊ मिनिटांना लागतो. दुसरा, बाहेर धावायचं. उष्णतेची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात आणि ती एसी जिमच्या ट्रेडमिलवर होत नाही. ट्रेडमिल वापरायचीच असेल तर आठवड्यातून एकदाच.

मरीन ड्राइव्हचा एक गुण फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. तो रस्ता पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य उगवल्यावरही बराच वेळ इमारतींची सावली कट्ट्यावर असते. आपण ६ वाजता निघालो तर अगदी लांबच्या रविवारीही ऊन चढण्याआधी परत असू. साडेसहाला आलात तर शेवटची दहा मिनिटं डोक्यावर घ्यावी लागतील.

हिवाळ्यात मुंबईची हवा धुरकट होते, हे तुम्हाला खिडकीतूनच दिसतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर निर्देशांक बघा. तो २०० च्या वर असेल तर हवा अधिकृतपणे ‘खराब’ ठरते. अशा दिवशी मंगळवार-गुरुवारची धाव घरात किंवा जिममध्ये करा. दमा असणाऱ्यांनी त्याआधीच सावध व्हा आणि पंप खिशात ठेवा.

पाणी: आपला आकडा आपण काढायचा

‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला मला पटत नाही. एकाला तासात अर्धा लिटर घाम येतो, दुसऱ्याला सव्वा लिटर. सहाव्या रविवारी, म्हणजे तासाभराच्या धावेला, एक प्रयोग करा. निघण्याआधी लघवीला जाऊन, कमीत कमी कपड्यांत वजन करा. परत आल्यावर अंग पुसून, घामाचे कपडे काढून पुन्हा करा. त्यासाठी कुणीतरी घरचा वजनकाटा घेऊन या, टॉयलेटच्या आडोशाला ठेवू. समजा आधी ६२.४ किलो होतं, नंतर ६१.७ भरलं आणि मध्ये २०० मिलिलिटर पाणी प्यायलात. घटलेले ७०० ग्रॅम आणि प्यायलेले २०० मिळून तासाला साधारण ९०० मिलिलिटर घाम गेला.

हे सगळं धावतानाच भरून काढायचं नसतं, पोटात डुचमळेल. तहान लागेल तसे दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट पुरतात. उरलेलं पुढच्या तीन-चार तासांत हळूहळू प्या. तासाच्या आतल्या धावेला साधं पाणी चालतं. त्यापुढे, किंवा टी-शर्टवर मिठाचे पांढरे पट्टे उमटत असतील तर, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा ओआरएस घ्या. ओआरएसची जी पुडी एक लिटरची आहे ती पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. अर्ध्या बाटलीत घालून ‘स्ट्राँग’ करू नका, पोट बिघडतं. रक्तदाब असणाऱ्यांनी मिठाचं आपल्या डॉक्टरांना विचारा.

धावून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर गरजेपेक्षा जास्त प्यायलात. हे हसण्यावारी नेऊ नका. अति पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसतात. हळू धावणाऱ्यांमध्ये ते जास्त होतं, कारण त्यांना प्यायला वेळ जास्त मिळतो.

नडगी, आणि कधी थांबायचं

साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धाप कमी होते आणि लोक वेग वाढवतात. नेमकं तेव्हाच नडगी धरते. हृदय-फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, पण हाडं आणि स्नायूबंधांना महिने लागतात. दम आहे म्हणून पायही तयार आहेत असं समजू नका.

नडगीच्या आतल्या कडेने वीतभर लांब, पसरलेलं दुखत असेल, सुरुवातीला दुखून मग कमी होत असेल, तर तो बहुतेक अतिश्रमाचा ताण असतो. आठवडाभर धावणं निम्मं करा, उरलेला वेळ चाला, बर्फ लावा, बूट झिजलेत का बघा. पण बोटाच्या टोकाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल, त्या पायावर एक उडी मारताच कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. धावणं त्याच दिवशी बंद करा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये असा तडा अनेकदा दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर पुन्हा धावायला लागू नका.

दुखणं दाबायला धावण्याआधी पेनकिलर घेऊ नका. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो, आणि दुखणं कळत नसल्याने जखम वाढते ते वेगळंच.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह-रक्तदाब असलेल्यांनी, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल त्यांनी, पहिल्या रविवारच्या आधी डॉक्टरांना भेटून या. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी धावण्याच्या दिवशीच्या डोसबद्दल विचारून घ्या आणि खिशात ग्लुकोज ठेवा. छातीत दाटणं, जबडा किंवा हात दुखणं, चक्कर, किंवा उकाड्यात अंगावर काटा येणं, तोल जाणं, असंबद्ध बोलणं, यातलं काहीही झालं तर थांबा. शेजाऱ्याचं असं होताना दिसलं तर त्याला थांबवा, कारण भ्रम झालेला माणूस ‘मी ठीक आहे’ असंच म्हणतो. सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, मान-काखांना बर्फ लावा आणि १०८ ला फोन करा.

टी-शर्टचा घोळ

देणगीच्या दौडीला संस्थेचा टी-शर्ट घालायचा असतो. तो बहुधा जाड सुती असतो आणि छातीवर रबरी छपाईत भलंमोठं चित्र असतं. सूत घाम पितं आणि जड होतं, छपाईखालून हवा जात नाही आणि तिची कड स्तनाग्रांना घासते. पुरुष मंडळींच्या टी-शर्टवर रक्ताचे दोन ठिपके येतात ते यामुळेच. टी-शर्ट आठवडाभर आधीच मागवला आहे. तो धुऊन नवव्या रविवारी घालून या. काखा, मांड्यांच्या आतली बाजू, ब्राच्या कडा आणि स्तनाग्रं यांना व्हॅसलिन लावा. छपाई टोचत असेल तर आत पातळ बनियन घाला. बूट आणि मोजेही त्या दिवशी घालाल तेच असू द्या. बूट नवे घ्यायचे असतील तर पुढच्या पंधरवड्यातच, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना घ्या. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी.

देणगीचं थोडक्यात: प्रत्येकाने आपल्या लिंकवरूनच पैसे मागायचे, रोख गोळा करू नका. संस्थेची ८०जी नोंदणी आहे, पण वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला ती मिळत नाही. देणगी देणारे हे विचारतातच. पॅन नंबर बरोबर भरायला सांगा, नाहीतर मार्चमध्ये पावतीसाठी तुमच्याच डेस्कवर रांग लागेल.

दौडीचा दिवस

शनिवारी बिब, म्हणजे तुमच्या नंबरचा कागद, टी-शर्टला चार पिनांनी लावून ठेवा. वेळेची चिप त्याच्या मागे असते, घडी घालू नका. रात्री नेहमीचं जेवण घ्या, वरण-भात उत्तम. बाहेरची पावभाजी रविवारी दुपारी खा. पहाटे दौडीच्या दीड-दोन तास आधी एक केळं आणि गूळ-पोळी किंवा ब्रेड-जॅम घ्या. चहा रोज लागत असेल तर घ्या, मात्र जे आठव्या रविवारी खाऊन आलात तेच खा.

लोकलचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. रविवारी मेगाब्लॉक असतो. तो सकाळी उशिरा सुरू होतो, त्यामुळे जाताना अडचण येत नाही, येताना येते. हार्बरच्या मंडळींनी परतीचं आधीच ठरवा.

वेग कसा ठरवायचा? आठव्या रविवारी ७६ मिनिटांत किती अंतर झालं ते बघा. आपल्या अकाउंट्सच्या बाईंचं ८.६ किलोमीटर झालं होतं, म्हणजे किलोमीटरला ८ मिनिटं ५० सेकंद. दहा किलोमीटरचे सव्वाअठ्ठ्याऐंशी मिनिटांच्या आसपास. मी त्यांना सांगितलं, पहिले तीन किलोमीटर ९:१५ ने, मधले चार ८:५० ने आणि शेवटचे तीन ८:३० ने. बेरीज केली तर साडेअठ्ठ्याऐंशी मिनिटं होते. सुरुवातीला फक्त सव्वा मिनिट ‘गमावून’ शेवटी त्यातलं मिनिटभर परत मिळवायचं. सगळं जग पुढे पळत असताना ९:१५ ने धावणं फार अवघड जातं, आणि सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथेच. पहिल्या किलोमीटरच्या फलकाशी घड्याळ बघा. ठरवल्यापेक्षा वीस सेकंद लवकर पोचला असाल तर लगेच मिनिटभर चाला.

सुरुवातीच्या कमानीपर्यंत पोचायलाच गर्दीमुळे पाच-दहा मिनिटं जातील. घाबरू नका, तुमची चिपची वेळ तुम्ही कमान ओलांडल्यापासून सुरू होते. मागे उभे राहा. पाण्याच्या पहिल्या टेबलाशी झुंबड असते, शेवटच्या टेबलाशी जा. चालायचं मिनिट आलं की हात वर करून कडेला या, मध्येच थांबलात तर मागचा पाठीवर येईल.

संपल्यावर लगेच बसू नका, पायांतलं रक्त खाली साठून भोवळ येते. दहा मिनिटं चाला, पाणी प्या, कोरडा टी-शर्ट घाला आणि मग हवे तेवढे फोटो काढा.

येत्या रविवारी पहाटे ५:५० ला एनसीपीएसमोर. सामान सांभाळायला दर वेळी एक जण थांबेल, पहिल्या रविवारी मीच थांबतो. सोबत पाण्याची बाटली, छोटा टॉवेल, सुटे पैसे आणि बदलायला टी-शर्ट आणा. ज्यांची पहिली लोकल साडेपाचच्या आत चर्चगेट किंवा सीएसएमटीला पोचत नाही त्यांनी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला कळवा. एकाच लाइनवरच्यांची टॅक्सी जुळवून देता येईल. डॉक्टरांना भेटायची यादी ज्यांना लागू आहे त्यांनीही त्याच मेलमध्ये ‘भेटलो’ किंवा ‘वेळ घेतली आहे’ एवढं लिहा.

तुमचा,
कोच